‘यापैकी जे जास्त’ म्हणजे नेमके किती?

पत्र : सप्रेम नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातली. लग्नकार्याच्या सांबारवडीच्या ऑर्डरी घेते, जाऊबाई सोबतीला असते. आता यवतमाळच्या एका नवीन मॉलमध्ये पहिल्या मजल्यावर, सिनेमागृहाकडे जायच्या वाटेवर ८ बाय ६ फुटांचे काउंटर देतो म्हणतात. महिन्याला २२,००० रुपये किंवा विक्रीच्या १८ टक्के, यापैकी जे जास्त ते. मेंटेनन्स ३,००० वेगळा, जीएसटी वेगळा. तीन महिन्यांचे डिपॉझिट. करार ११ महिन्यांचा, पहिले ६ महिने सोडता येत नाही. मॅनेजर म्हणतात रोज ३,००० माणूस आत येते. दुसरीकडे दत्त चौकात ओळखीचे एक दुकानदार ओट्यावर काउंटर लावू देतात, ९,००० रुपये, बाकी काही नाही. घरचे म्हणतात मॉलच घे, तिथे नाव होते. जवळ बचत आहे दीड लाख. काय करावे?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, ज्या अटी लिहिल्यात त्या अटींवर मॉलचे काउंटर घेऊ नका. मॉल वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण हा करार तुमच्या बचतीच्या मापाचा नाही. कसा ते आधी सांगतो, मग मॉलवाल्यांपुढे कोणत्या अटी ठेवायच्या ते सांगतो.

सही केल्यावर दर महिन्याला काय जाणार ते आधी बघा. भाडे २२,००० आणि मेंटेनन्स ३,००० मिळून २५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की २९,५००. बरेच जण हा जीएसटी ‘परत मिळतो’ असे ऐकून हिशेबातून सोडून देतात. तुमची वर्षाची विक्री २० लाखांच्या आत असेल तर तुम्हाला नोंदणीच लागत नाही, आणि नोंदणी नाही तर परत मिळायचे काही नाही. पुढे विक्री वाढून नोंदणी झाली, तरी जागेवर खायला देणाऱ्या काउंटरला जो ५ टक्क्यांचा दर लागतो त्यात भाड्यावरच्या जीएसटीची वजावट मिळत नाही. तेव्हा हे साडेचार हजार भाड्याचाच भाग समजा.

आता ६ महिने सोडता येत नाही, म्हणजे २९,५०० गुणिले ६, एकूण १,७७,००० रुपयांना तुम्ही बांधल्या जाता. वडी विको न विको. तुमची बचत दीड लाख. त्यातले ६६,००० डिपॉझिटला गेले, आणि मॉलच्या नमुन्याप्रमाणे काउंटर बनवून घ्यायला ७०,००० धरले (मॉलवाले घरचा टेबल ठेवू देत नाहीत, त्यांच्या डिझाइनप्रमाणेच लागतो), तर पहिल्या दिवशी तुमच्या हातात १४,००० उरतात. पहिल्या महिन्यात १५,००० ची तूट आली की दुसऱ्या महिन्याचे बेसन उधारीवर. मी नागपुरात मॉलच्या गाळ्यांचे हिशेब बरीच वर्षे सांभाळले. काउंटर बंद पडतात ते बहुधा माल खराब म्हणून नाही, तिसऱ्या महिन्यात गाठीला पैसा नसतो म्हणून.

आता त्या ‘जे जास्त ते’ ओळीकडे येऊ. २२,००० ला १८ टक्क्यांनी भागा : १,२२,००० आणि वर थोडे. महिन्याची विक्री एवढी होईपर्यंत तुम्ही ठरलेले भाडेच भरता, टक्केवारी लागूच होत नाही. त्याच्या वर गेलात की दर शंभरातले १८, अधिक त्यावरचा जीएसटी, मॉलला जातात. म्हणजे धंदा मंद असला तर नुकसान तुमचे एकटीचे, आणि धंदा चालला तर मॉल भागीदार. असा करार करण्यात गैर काही नाही, सगळीकडे असेच चालते. प्रश्न एवढाच, की तुमची विक्री त्या सव्वा लाखाच्या कोणत्या बाजूला पडणार?

दोन वड्यांची प्लेट ५० रुपयांना विकली असे धरू. बेसन, कणीक, तेल, सांबार, खोबरे, खसखस, चिंच-गुळाचे पाणी, सोबत कढी, डबा आणि चमचा मिळून २२ रुपये लागत असतील तर प्लेटमागे २८ उरतात. तुमचा खरा आकडा तुम्ही घरी वजन करून काढा. लग्नाच्या ऑर्डरीत खसखस डोळ्यांनी टाकतो, काउंटरवर ती परवडत नाही. महिन्याचा बांधील खर्च असा : मॉलचे २९,५००, वीज ३,५००, एका मदतनीस मुलीचे १०,०००, दारव्ह्याहून येणे-जाणे आणि माल आणणे ५,०००. झाले ४८,०००. याला २८ ने भागले की महिन्याला १,७१४ प्लेटा, म्हणजे रोज ५७. एवढ्या विकल्या तर तुमच्या आणि जाऊबाईंच्या हाती शून्य. दोघींना मिळून २०,००० हवे असतील तर रोज ८१ प्लेटा. आणि गंमत बघा, ८१ प्लेटांची महिन्याची विक्री होते १,२१,५००, म्हणजे बरोब्बर त्या रेषेजवळ. तिथून पुढच्या प्रत्येक प्लेटमधले १० रुपये ६२ पैसे मॉलला जातात आणि तुमचे २८ घसरून १७ वर येतात. या करारात चांगला महिना आला तरी तुमची कमाई २०,००० च्या पुढे मुंगीच्या पावलाने सरकते.

रोज ८१ प्लेटा, ३,००० माणसांत. शंभरातल्या तिघांनी घेतली तरी झाले, असेच वाटते. पण ती ३,००० माणसे मॉलच्या दारातली आहेत. दारावरच्या यंत्रात दुकानांतली पोरे, झाडूवाल्या मावश्या, कुरिअरवाले, दोनदा आत-बाहेर करणारे, कडेवरचे लेकरू, सगळे मोजले जाते. त्यातले बरेच जण खालच्या मजल्यावर किराणा घेऊन तिथूनच परत जातात. तुम्हाला मोजायचे आहे ते तुमच्या ८ बाय ६ समोरून जाणारे माणूस.

हे काम दुसऱ्यावर सोपवू नका. एक मंगळवार किंवा बुधवार आणि एक रविवार, दुपारी १२ ते रात्री ९, त्याच जागेसमोर बसा. वहीत रेघा ओढा, पण माणसांच्या नाही, घोळक्यांच्या. नवरा-बायको आणि दोन पोरे म्हणजे चार गिऱ्हाइके नव्हेत; एक पाकीट आणि फार तर दोन प्लेटा. आणि एकाच दिशेचे मोजा. सिनेमाच्या वाटेवर तीच माणसे जाताना एकदा, येताना एकदा दिसतात, म्हणून गर्दी दुप्पट वाटते.

समजा साध्या दिवशी २५० घोळके गेले आणि शनिवार-रविवारी ७००. महिन्याचे २२ साधे आणि ८ सुटीचे दिवस धरले तर साधारण ११,००० घोळके. थांबणारा घोळका सरासरी दीड प्लेट घेतो असे धरले, तर नुसता खर्च भागायलाच दर दहा घोळक्यांतला एक थांबायला हवा, आणि २०,००० हाती पडायला सातातला एक. आता मॉलमध्ये आधीपासून असलेल्या मक्याच्या किंवा आइस्क्रीमच्या काउंटरसमोर तासभर उभ्या राहा आणि तिथे कितीतला कितवा थांबतो ते बघा. आणखी एक युक्ती सांगतो, जागा शोधणारे जुने लोक ती वापरतात. सकाळी काउंटर उघडताच काहीतरी छोटे घ्या आणि बिल मागा. रात्री बंद होताना पुन्हा घ्या. दोन बिलांवरच्या नंबरांतला फरक म्हणजे त्या दिवसाची गिऱ्हाइके. एक साध्या दिवशी करा, एक रविवारी. मॅनेजरच्या ३,००० पेक्षा हे दोन आकडे तुम्हाला जास्त सांगतील.

जागेबद्दलही माझी शंका आहे. सिनेमाची वाट ऐकायला चांगली, पण सिनेमाला जाणारा घाईत असतो, आणि बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत हे त्याला माहीत असते. सुटताना तो आतले पॉपकॉर्न खाऊन निघालेला असतो. खालच्या मजल्यावर बिलाच्या रांगेच्या पुढे, किंवा पोरांच्या खेळण्याच्या जागेजवळ, जिथे आईबाप अर्धा तास रिकामे बसतात, तिथली ६ बाय ४ ची जागाही मला या ८ बाय ६ पेक्षा बरी वाटते.

आता खुद्द सांबारवडीचे. ती तळून उतरवल्यावर पाऊण तास खरी. डब्यात झाकली की आतल्या सांबाराच्या वाफेने वरचे पापुद्रे नरम पडतात, आणि नरम वडी ५० रुपयांना कोणी दुसऱ्यांदा घेत नाही. मॉलच्या मधल्या मोकळ्या जागेत गॅसची शेगडी लावू देत नाहीत. आगीच्या नियमांत ते बसत नाही आणि वर धूर खेचणारी चिमणीही नसते. उरतो विजेचा फ्रायर. घरून वड्या अर्ध्या तळून आणायच्या आणि गिऱ्हाइकासमोर दुसरा घाणा काढायचा, हा मार्ग चांगला आहे, वासानेच माणूस थांबतो. पण ३ किलोवॉटचा फ्रायर १३ अँपिअर वीज ओढतो. मोबाइल कव्हर विकणाऱ्या काउंटरसाठी दिलेल्या साध्या पॉइंटवर तो चालणार नाही. म्हणून भाड्याची गोष्ट काढण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा : या जागेला किती किलोवॉटचा भार मंजूर आहे, आणि तेलात तळायला परवानगी आहे का. तोंडी ‘हो हो, होऊन जाईल’ याला किंमत नाही. तळता येणार नसेल तर पुढचा हिशेब मांडायचीही गरज नाही, विषय तिथेच संपवा. ३,५०० रुपये वीज मी रोज ९ युनिट आणि १३ रुपये युनिट धरून काढली. मॉलचा आपला सबमीटर असतो आणि दर त्यांचा असतो, तोही विचारून घ्या.

आणि वेळ. मॉलच्या करारात काउंटर रोज अमुक वाजेपर्यंत उघडे पाहिजे, लवकर बंद केले तर दंड, असे कलम बहुधा असतेच. मॉल साडेनऊ-दहाला बंद होतो. तेल गाळून, पुसून, गल्ला मोजून निघायला अर्धा तास. त्या वेळी दारव्ह्याला जायला चाळीसेक किलोमीटर आहे. शेवटची एसटी गेल्यावर दोघी कशा जाणार, की यवतमाळात खोली घेणार? खोली घेतली तर माझ्या ४८,००० मध्ये तिचे भाडे धरलेले नाही.

आपल्याकडच्या हंगामाचा विचार मॉलच्या करारात कुठेच नसतो. दसरा-दिवाळीपासून कापूस घरात येऊ लागतो, तेव्हापासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत यवतमाळच्या बाजारात पैसा फिरतो. सांबारही त्याच थंडीत स्वस्त असतो. जूनमध्ये उलटे : सगळ्यांचा पैसा बियाणे-खतात, आणि सांबाराची जुडी हातात घ्यावी का, असा भाव. मेच्या ४५ अंशांत लोक थंडाव्याला मॉलमध्ये येतात खरे, पण ते थंड पितात, तळलेले कमी खातात. सांबार महागल्याने प्लेटचा खर्च २२ चा २८ झाला, तर ५७ च्या जागी रोज ७३ प्लेटा विकाव्या लागतील, तेही गिऱ्हाईक कमी असताना. तेव्हा कोणताही करार करा, तो दसऱ्याच्या आसपास सुरू होईल असे बघा. मृगात सुरू होणारे सहा महिन्यांचे बंधन तुम्हाला दिवाळी दिसायच्या आत थकवेल.

दत्त चौकाच्या ओट्याचा हिशेब असा. तिथे ५० मिळणार नाहीत, ४० धरा. डबा नाही, पानावर किंवा कागदी प्लेटमध्ये दिली तर खर्च २०, उरतात २०. भाडे ९,०००, गॅस आणि दिवा ३,५००, मदतनीस १०,०००, येणे-जाणे ५,०००, एकूण २७,५००. खर्च भागायला रोज ४६ प्लेटा, २०,००० मिळवायला ७९. बघा, कमाईपुरते दोन्हीकडे जवळपास सारखेच कष्ट आहेत. फरक आहे तो धंदा मंद असताना. रोज ४० च प्लेटा गेल्या तर चौकात महिन्याला ३,५०० ची तूट येते, मॉलमध्ये १४,४०० ची. आणि चौकातली तूट महिनाभराने थांबवता येते.

म्हणून मॉलच्या मॅनेजरला नाही म्हणू नका, उलटा प्रस्ताव द्या. मॉल नवीन आहे, जागा रिकाम्या असणार, आणि रिकामी जागा दिसणे त्यांनाही नको असते. पहिला प्रस्ताव : पहिले तीन महिने ठरलेले भाडे नको, नुसती टक्केवारी घ्या, हवे तर १८ ऐवजी २० घ्या. २० टक्क्यांनी तुमचा खर्च रोज ४५ प्लेटांत भागतो, ५७ लागत नाहीत. तीन महिन्यांची खरी विक्री दोघांसमोर असेल, तेव्हा किमान भाडे ठरवू म्हणा. हे नाही जमले तर दुसरा : दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत फक्त शनिवार-रविवार, दिवसाच्या भाड्याने, मॉलच्याच टेबलावर. यात काउंटर बनवायचे ७०,००० वाचतात आणि बंधनही नाही. दिवसाचे १,५०० मागितले तर जीएसटी, मदतनीस आणि प्रवास धरून २,५०० च्या घरात खर्च जाईल, म्हणजे दिवसाला ९० प्लेटा विकाव्या लागतील. रविवारच्या मोजणीत तेवढा दम दिसला तरच हो म्हणा.

टक्केवारीचा करार झालाच तर ‘विक्री’ कशाला म्हणायचे ते कागदावर घ्या. लग्नाच्या ऑर्डरी तुम्हाला आजही येतात. मॉलच्या काउंटरवर बसून फोनवर घेतलेली २०० वड्यांची ऑर्डर, जी दारव्ह्याच्या घरी बनली आणि परस्पर मांडवात गेली, तिच्यातले १८ टक्के मॉलला का द्यायचे? ‘काउंटरवरून दिलेल्या मालाचीच विक्री धरली जाईल’ एवढे एक वाक्य पुरे. बिल मॉलच्या मशीनवर होणार असेल तर पैसा आधी त्यांच्या खात्यात जातो आणि टक्केवारी कापून तुम्हाला मिळतो. किती दिवसांनी, ते लिहून घ्या. पंधरा दिवसांचा पैसा अडकला तर तेलाचा डबा कशातून आणणार? आणि जागेचा नकाशा कराराला जोडा. ‘व्यवस्थापन काउंटर कुठेही हलवू शकेल’ हे कलम छापील करारात असते. ते काढत नसतील, तर हलवल्यास किमान भाडे माफ आणि बंधन संपले, असे त्याखाली लिहून घ्या. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृत असावा लागतो, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी जागा देणाऱ्याची आहे. नुसत्या शिक्क्याच्या पत्रावर डिपॉझिटचा चेक देऊ नका.

घरच्यांचे ‘नाव होते’ हे खोटे नाही. मॉलमध्ये वडी खाल्लेली बाई लग्नाची ऑर्डर देते, आणि तुमचा खरा नफा ऑर्डरीतच आहे. पण ते काम दसरा ते संक्रांतीचे शनिवार-रविवारही करतात. डब्यावर फोन नंबर छापला की झाले.

माझ्या मते तुम्ही दसऱ्याला दत्त चौकातून सुरुवात करावी आणि मॉलशी सुटीच्या दिवसांचे बोलणे चालू ठेवावे. ओट्याच्या बाबतीत मात्र एक खात्री करून घ्या. तो ओटा दुकानाच्या मालकीच्या हद्दीत आहे की रस्त्यावर पुढे आलेला, हे दुकानदाराकडच्या कागदावर बघा. पुढे आलेला असेल तर नगर परिषदेची अतिक्रमणाची गाडी आली की पहिले काउंटर तुमचे उचलले जाईल, आणि ९,००० घेणारे दुकानदार तेव्हा आत गल्ल्यावर बसलेले असतील. हद्दीत असेल तर त्यांच्याकडूनही साधा करार करून घ्या, अन्न परवान्याची म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी स्वतःच्या नावाने काढा, आणि सुरुवात रोज ४० प्लेटांच्या सारणाने करा, ८० च्या नाही.